जानेवारीतला शून्यावा आठवडा

१ जानेवारी २०२१ ला शुक्रवार होता. त्या दिवशीची विक्री कितव्या आठवड्यात धरायची? एक्सेलचं WEEKNUM सांगतं, पहिल्या. मायएसक्यूएल या डेटाबेसचं WEEK सांगतं, शून्याव्या. आणि आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो दिवस २०२० च्या ५३ व्या आठवड्यातला. गंमत म्हणजे आपापल्या नियमाने तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

वेगळं काही सांगितलं नाही, तर एक्सेल आठवडा रविवारी सुरू करतं आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येते त्याला पहिला म्हणतं, मग त्यात नव्या वर्षाचा एकच दिवस का असेना. मायएसक्यूएलचा आठवडाही रविवारचाच. पण वर्षातल्या पहिल्या रविवारी त्याचा पहिला आठवडा उजाडतो, आधीचे दिवस शून्यात जातात. आयएसओचा आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात पडतो त्या वर्षाचा तो आठवडा. गुरुवारच का, तर तो सात दिवसांच्या मधोमध येतो. तो जिकडे, तिकडे किमान चार दिवस.

आता समजा, एका घाऊक व्यापाऱ्याच्या बिलिंगमधून आयएसओचे आठवडे येतात आणि हिशेबनीस एक्सेलमध्ये खरेदीचे आठवडे काढतो. सोमवारी, ४ जानेवारीला बिलिंगमध्ये पहिला आठवडा लागला, तर एक्सेलमध्ये दुसरा. हा फरक जानेवारीत मिटत नाही. त्या वर्षी एक्सेल अखेरपर्यंत एक आकडा पुढेच राहिलं, आणि रविवारी तर दोन. विक्री एका आठवड्याची, खरेदी दुसऱ्याच, आणि दोन्ही शेजारी शेजारी छापलेल्या.

याहून वाईट चूक वर्ष जोडताना होते. तारखेतून २०२१ घेतलं, आयएसओचा ५३ घेतला आणि दोन्ही चिकटवले, की १ ते ३ जानेवारीची विक्री ‘२०२१, आठवडा ५३’ या नावाने आलेखाच्या उजव्या टोकाला जाऊन बसते. २०२१ मध्ये आयएसओचे आठवडे ५२च होते! ही चूक निदान डोळ्यांत भरते. ३० डिसेंबर २०२४ ची भरत नाही. तो सोमवार २०२५ च्या पहिल्या आठवड्यातला. तारखेतलं वर्ष लावलं, तर त्याची विक्री गुपचूप जानेवारी २०२४ मध्ये मिसळते.

म्हणून वर्षही त्या आठवड्याच्या गुरुवारचंच घ्यायला हवं. तारीख A2 मध्ये असेल, तर एक्सेलमध्ये आठवडा आणि वर्ष असे मिळतात:

```
=ISOWEEKNUM(A2)
=YEAR(A2-WEEKDAY(A2,2)+4)
```

मायएसक्यूएलमध्ये YEARWEEK(तारीख, 3) दोन्ही एकत्र देतं: 202053. माझं मत विचाराल तर अहवालात आठवड्याच्या क्रमांकाशेजारी त्याच्या सोमवारची तारीख छापावी. मग वाद घालायला जागाच उरत नाही. २०२७ ची १ जानेवारीही शुक्रवारीच येते.