घराबाहेर पडण्यापूर्वी तिथी बघा

मुंबईत रस्ते तुंबल्याची सूचना आली की आपण पावसाकडे बघतो. समुद्राकडेही बघायला हवे.

शहराचे पावसाचे पाणी नाल्यांच्या मुखांतून समुद्रात जाते. यातली बरीच मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की समुद्राचे पाणी आत शिरू नये म्हणून जिथे दरवाजे आहेत तिथे ते बंद करतात. मग पडलेला पाऊस जाणार कुठे? तो हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा सखल भागांत साचतो.

अशी उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी उंचीची. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी सुमारे दीड. अंदाज म्हणून हे पुरे. नेमकी वेळ आणि उंची भरतीच्या वेळापत्रकात मिळते.

त्या दिवशी दुपारी बारापासून मुसळधार पाऊस असेल, तर अंधेरीहून दादरला दुचाकीने निघायची सर्वांत वाईट वेळ साडेबारा ते साडेतीन. ओहोटी लागल्यावर पाणी उतरू लागते, पण लगेच नाही. तासाभरात फारच पाऊस कोसळला, तर ओहोटीतही रस्ते तुंबतात.

म्हणून उधाणाच्या दिवशी ऑफिसातून निघण्याची वेळ भरती बघून ठरवा, आणि सबवेत पाणी दिसले तर गाडी आत घालू नका.