कामापुरता मामा, ताकापुरती आजी: एका म्हणीतले तीन धडे

म्हणीचा अर्थ

गरज असेपर्यंत गोड बोलून जवळीक दाखवायची आणि काम झाले की ओळख विसरायची, या वृत्तीवर ‘कामापुरता मामा, ताकापुरती आजी’ ही म्हण बोट ठेवते. चार शब्दांच्या या वाक्यात क्रियापद नाही, तरी अर्थ पूर्ण होतो.

नाते आणि ताक

मराठी समाजात अनोळखी माणसालाही मामा, काका, मावशी, आजी अशी हाक मारली जाते. दुभते असलेल्या घरात लोणी काढल्यावर ताक उरे आणि ते शेजाऱ्यांना विनामूल्य दिले जाई. म्हणीत मात्र समोरच्याजवळ देण्यासारखे काही असेल तोवरच ही नात्याची हाक. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ हा वाक्प्रचारही याच रिवाजातून आला आहे. त्यात मागण्याचा संकोच दिसतो, तर म्हणीत मागणाऱ्याचा स्वार्थ.

‘पुरता’चे व्याकरण

‘काम’ आणि ‘ताक’ यांची सामान्यरूपे ‘कामा’ आणि ‘ताका’ अशी होतात व त्यांना ‘पुरता’ जोडला जातो. बहुतेक शब्दयोगी शब्द बदलत नाहीत, पण ‘पुरता’ बदलतो. त्याचे रूप आधीच्या नामावर नव्हे, तर पुढच्या नामावर ठरते. काम आणि ताक दोन्ही नपुंसकलिंगी असूनही मामामुळे ‘पुरता’ आणि आजीमुळे ‘पुरती’ येते. ‘गरजेपुरते धान्य’ हे नपुंसकलिंगी रूपही याच नियमाचे.

लय

दोन्ही भागांत प्रत्येकी बारा मात्रा आहेत. पहिल्या भागात ‘ता’ आणि ‘मामा’ यांचा आकार जुळतो, दुसऱ्यात ‘ती’ आणि ‘आजी’ यांचा ईकार. म्हणजे लिंगाचा मेळ इथे स्वरांचाही मेळ होतो. ‘ताकापुरता आजी’ असे म्हटले तर व्याकरण चुकते आणि ती चूक कानालाही खटकते. त्यामुळे म्हण पाठ असलेल्याला नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. ‘आजी’च्या जागी ‘मावशी’ किंवा ‘नाते’ घालून पाहिले की योग्य रूप आपोआप तोंडी येते.

मर्यादा

म्हणीतले प्रत्येक रूप सर्वत्र चालत नाही. ‘तो पुरता फसला’ या वाक्यात सुटा ‘पुरता’ म्हणजे ‘पूर्णपणे’. नामाला जोडलेला ‘पुरता’ मात्र मर्यादा दाखवतो. म्हणींतला शब्दक्रमही सर्वत्र चालत नाही: ‘असतील शिते तर जमतील भुते’ या म्हणीत क्रियापदे आधी येतात. साध्या गद्यात ‘शिते असतील तर भुते जमतील’ असा क्रम असतो. प्रसंगाचे भानही लागते: ‘कामापुरता मामा’ हे बहुधा तिसऱ्या माणसाबद्दल बोलले जाते, समोरच्याला म्हटले तर तो थेट आरोप ठरतो. म्हणून म्हणीतून रूप आणि लय घ्यावी. शब्दक्रम रोजच्या बोलण्याशी ताडून पाहावा.