उन्हाचा ताप नव्हे, गोळ्यांची टक्कर

मे महिन्यात पवनारला कुणाला अंगात ताप भरला, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले की घरचे एकच निदान करतात: ऊन लागलं. वर्धा जिल्ह्याचा पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा ते चुकीचंही नसतं. पण त्या व्यक्तीला नैराश्याची गोळी चालू असेल आणि नुकतीच ट्रॅमाडॉल सुरू झाली असेल, तर आणखी एक शक्यता तपासावीच लागते: सेरोटोनिन सिंड्रोम.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. पन्नाशीतली एक बाई, बरेच महिने नैराश्यासाठी रोज फ्लुओक्सेटिन 20 मिलिग्रॅम घेते. कंबर धरली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्रित गोळी दिली. ‘ही तर दुखण्याची साधी गोळी’ हा पहिला गैरसमज. ट्रॅमाडॉल वेदना तर कमी करतंच, शिवाय मेंदूतलं सेरोटोनिनही वाढवतं, आणि फ्लुओक्सेटिनचं कामही तेच. त्यातच फ्लुओक्सेटिन यकृतातलं एक एन्झाइम अडवतं. त्यामुळे सेरोटोनिन वाढवणारं मूळ ट्रॅमाडॉल शरीरात जास्त साचतं, आणि वेदना शमवणारं त्याचं रूपांतर कमी तयार होतं. दुखणं थांबत नाही म्हणून बाई आणखी एक गोळी घेते. धोका इथेच वाढतो.

ठरलेल्या मात्रेतच घेतलं तर काही होत नाही, असंही अनेकांना वाटतं. ही दोन औषधं एकत्र घेणाऱ्या बहुतेकांना त्रास होत नाही हे खरं, पण तो नेहमीच्या मात्रेतही होऊ शकतो. लक्षणं बहुधा नवं औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर 24 तासांच्या आत दिसतात. सुरुवात अस्वस्थपणा, थरथर, घाम, जुलाब आणि धडधडीने होते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पुढे पाय ताठरतात, अधूनमधून झटके येतात, बोलणं असंबद्ध होतं.

उन्हाच्या झटक्यातही ताप आणि गोंधळलेपण असतं. मग फरक कसा कळतो? डॉक्टर पाऊल घोट्यातून एकदम वर दाबतात. ते आपोआप तालात उडत राहिलं, तर त्याला क्लोनस म्हणतात आणि तो या आजाराचा मोठा पुरावा. हा बदल हातांपेक्षा पायांत ठळक असतो.

पॅरासिटामॉलने हा ताप उतरेल, हा तिसरा गैरसमज. सतत आखडलेले स्नायू ही उष्णता निर्माण करतात, त्यामुळे तापाची गोळी तिथे निकामी ठरते. दवाखान्यात दोन्ही औषधं थांबवतात, स्नायू सैल करणारी औषधं आणि सलाईन देतात, अंग थंड करतात. वेळेत उपचार झाले तर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत सावरतात. उशीर मात्र जिवावर बेततो. 1984 मध्ये न्यूयॉर्कला 18 वर्षांच्या लिबी झायनचा मृत्यू झाला. तिला नैराश्याचं फेनेल्झिन चालू असताना पेथिडीन दिलं गेलं होतं, आणि या दोन औषधांची टक्कर हेच त्या मृत्यूचं कारण असावं, असं मानलं जातं.

अशी लक्षणं दिसली तर ट्रॅमाडॉलची पुढची गोळी देऊ नका. 108 ला फोन करा किंवा रुग्णाला थेट सेवाग्राम वा सावंगीच्या रुग्णालयात न्या. खोकल्याच्या औषधासकट घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स आणि बाटल्या सोबत घ्या. आणि लक्षणं नसताना केवळ भीतीपोटी नैराश्याची गोळी स्वतःहून बंद करू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.