शीर्षमिती : जबड्यांच्या स्थितीचे बिंदू व कोन

डोक्याच्या बाजूने प्रमाणित रीतीने घेतलेल्या क्ष-किरण चित्रावर ठराविक बिंदू निश्चित करून त्यांमधील कोन व अंतरे मोजण्याच्या पद्धतीस शीर्षमिती म्हणतात. दात वेडेवाकडे दिसत असले, तरी मूळ दोष दातांत आहे की जबड्यांच्या परस्परस्थितीत, हे ठरविण्यासाठी ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तिचा उपयोग होतो. अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी १९३१ मध्ये ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली. कानांत बसणाऱ्या दांड्यांनी डोके स्थिर केले जाते आणि क्ष-किरणांचा उगम डोक्याच्या मध्यप्रतलापासून सुमारे ५ फुटांवर ठेवला जातो. चित्रात अंतरे थोडी वाढलेली दिसतात; मध्यप्रतलातील बिंदूंमधील कोन मात्र या वाढीने बदलत नाहीत. म्हणून निदानात कोनांवर विशेष भर असतो.

चार बिंदू : पोष ग्रंथी ज्या अस्थिमय खळग्यात असते, त्याचे केंद्र म्हणजे सेला (एस). ललाटास्थी व नासास्थी जेथे मिळतात, त्या संधीचा सर्वांत पुढचा बिंदू म्हणजे नेझिऑन (एन). वरच्या जबड्याच्या पुढील बाजूस, नाकाखालील अस्थिकंटक व कृंतक दातांवरील अस्थिकडा यांमध्ये जो अंतर्वक्र भाग असतो, त्यातील सर्वांत खोल बिंदू म्हणजे ए. खालच्या जबड्यावर, कृंतकांखालील कडा व हनुवटी यांमधील तसाच बिंदू म्हणजे बी.

तीन कोन : एस व एन यांना जोडणारी रेषा कवटीच्या पुढील तळाची निदर्शक होय. बालपणानंतर हा भाग तुलनेने कमी बदलतो, म्हणून तो संदर्भ मानतात. या रेषेशी एन-ए रेषेने केलेला एसएनए कोन वरच्या जबड्याचे व एसएनबी कोन खालच्या जबड्याचे पुढे-मागे असणे दर्शवितो. स्टायनर यांच्या १९५३ मधील विश्लेषणात हे कोन अनुक्रमे ८२° व ८०° धरले आहेत. दोहोंतील फरक, म्हणजे एएनबी कोन, २° येतो. तो बराच मोठा असल्यास खालचा जबडा वरच्याच्या तुलनेने मागे, व ऋण असल्यास पुढे समजतात. ही मूल्ये सरासरी आहेत. वंश व वय यांनुसार ती बदलतात.

संदर्भरेषेचा दोष : या कोनांचे वाचन करताना एस-एन रेषा स्वतःच बिनचूक आहे, असे नकळत गृहीत धरले जाते. समजा, एका बारा वर्षांच्या मुलीचे एसएनए ७६°, एसएनबी ७०° व एएनबी ६° आहेत. सरासरीशी ताडल्यास वरचा जबडा ६° व खालचा १०° मागे, म्हणजे दोन्ही जबडे दोषी ठरतात. परंतु कर्णरंध्राचा वरचा काठ व नेत्रकोटराचा खालचा काठ यांना जोडणाऱ्या फ्रँकफर्ट रेषेशी एस-एन रेषेचा कोन सामान्यतः सुमारे ७° असतो. या मुलीत तो १३° आहे. सेला खाली असल्याने रेषा ६° जास्त कलली आहे. तेवढी भर घातली, की एसएनए ८२° व एसएनबी ७६° येतात. वरचा जबडा जागच्या जागी असून मागे आहे तो केवळ खालचा. त्यामुळे वरचा जबडा पुढे आणण्याचा उपचार येथे अनाठायी ठरेल. दोन्ही कोनांत सारखीच भर पडल्याने एएनबी मात्र ६° च राहतो.

एएनबी कोनही सर्वस्वी निर्दोष नाही. नेझिऑन पुढे असल्यास तो लहान होतो. दोन्ही जबडे पुढील बाजूस खाली कललेले असल्यास मोठा होतो. याची पडताळणी जेकबसन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विट्स पद्धतीने करतात. उपदाढा व दाढा जेथे मिळतात त्या चर्वणरेषेवर ए व बी यांपासून लंब टाकून त्यांच्या पादांमधील अंतर मोजतात. स्त्रियांत हे पाद जवळजवळ एकाच ठिकाणी, तर पुरुषांत बीचा पाद सुमारे १ मिमी. पुढे असतो. वरील मुलीत बीचा पाद ५ मिमी. मागे असल्यास दोन्ही मापे एकच निदान देतात. तो ए-च्या पादाशी जुळत असल्यास एएनबीचे ६° हे जबड्यांच्या कलाचे किंवा नेझिऑनच्या स्थानाचे फळ असण्याचा संभव असतो. तथापि दात अर्धवट उगवलेले असल्यास चर्वणरेषाच अनिश्चित होते.

मापनातील चुका : गालाच्या छायेमुळे ए बिंदूची कडा अस्पष्ट होते व तो चुकीच्या जागी घेतला जातो. चित्र घेताना दात मिटलेले नसल्यास खालचा जबडा खाली व मागे जाऊन एसएनबी कमी येतो. दाढांमधील फट पाहून हे ओळखता येते. कानांतील दोन दांड्यांच्या छाया एकमेकींवर न आल्यास डोके वळलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी कोन मोजण्यापूर्वी चित्राची ग्राह्यता तपासणे आवश्यक असते. शीर्षमितीतील आकडे रुग्णाचा चेहरा, दातांचे साचे व वाढीचे वय यांच्याशी जुळवूनच निदान निश्चित करतात.