स्टार आणि टेम्परन्स: नाते संपल्यानंतरची दोन कार्डे

टॅरोच्या ७८ कार्डांपैकी २२ कार्डांना ‘मेजर अर्काना’ म्हणतात. त्यांतले चौदावे कार्ड टेम्परन्स, तर सतरावे स्टार. वर्षानुवर्षे ओढाताणीत गेलेले नाते संपल्यावर कोणी कार्डे वाचून घेतली आणि त्यांत यांपैकी एखादे निघाले, तर वाचणारे ते सावरण्याचे लक्षण मानतात. मात्र दोन्ही कार्डे एकच गोष्ट सांगत नाहीत. त्यांतला फरक चित्रांतच आहे.

आज सर्वाधिक वापरली जाणारी चित्रे १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संचातली आहेत. आर्थर एडवर्ड वेट यांनी तो संच योजला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी त्याची चित्रे काढली. टॅरो मुळात पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्य पाहण्यासाठी त्याचा पद्धतशीर वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झाला.

स्टारच्या चित्रात एक विवस्त्र स्त्री तळ्याकाठी बसली आहे. तिचा एक गुडघा जमिनीवर आहे आणि एक पाऊल पाण्यावर. दोन्ही हातांत घडे आहेत. एकातले पाणी ती तळ्यात ओतते, दुसऱ्यातले जमिनीवर. डोक्यावर एक मोठा तारा आणि सात लहान तारे आहेत. तिच्या अंगावर ना वस्त्र आहे ना दागिना, आणि लपायला आडोसाही नाही. याच्या आधीचे, सोळावे कार्ड टॉवर: वीज पडून बुरुज फुटतो आणि माणसे खाली कोसळतात. त्यामुळे स्टारचा अर्थ ‘सगळे छान होईल’ एवढ्यावर थांबत नाही. जे कोसळायचे होते ते कोसळले, आता काही लपवायची गरज उरली नाही आणि साचलेले बाहेर वाहू लागले, असा तो अर्थ आहे. खुद्द वेट यांनी या कार्डाच्या अर्थांत आशेबरोबर हानी, उणीव आणि सोडून दिले जाणे हेही नोंदवले आहे. नात्यातून बाहेर पडलेल्या माणसाच्या बाबतीत ही दुहेरी नोंद नेमकी बसते, कारण सुरुवातीच्या दिवसांत मोकळे वाटणे आणि रडू येणे एकाच वेळी चालू असते. स्टार निघाले म्हणून दुःख संपले असे समजायचे नाही. ते आता दाबून ठेवावे लागत नाही, असे समजायचे.

टेम्परन्समध्येही पाणी आहे, जमीन आहे, आणि चित्रातल्या देवदूताचे एक पाऊल पाण्यात तर एक जमिनीवर आहे. पण तो पाणी बाहेर ओतत नाही, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात घेतो. थेंबही वाया जात नाही. मागे एक पायवाट दूरच्या डोंगरांकडे जाते आणि तिच्या टोकाशी प्रकाश आहे. वेट यांनी दिलेले अर्थ आहेत काटकसर, संयम, व्यवस्था आणि जुळवून घेणे. म्हणजे हे कार्ड भावनेपेक्षा प्रमाणाबद्दल बोलते. झोप किती, काम किती, एकांत किती, जुन्या माणसाशी बोलणे किती आणि नव्याशी किती, हे पुन्हा ठरवायचा हा काळ. लांबलेल्या कठीण नात्यात हे प्रमाण समोरच्याच्या मर्जीवर ठरत आलेले असते. ते स्वतःच्या हातात घेणे हे सावरण्याचे दुसरे अंग आहे, आणि त्याला स्टारपेक्षा जास्त वेळ लागतो.

इथे क्रमांकांकडे लक्ष द्यायला हवे. टेम्परन्स चौदावे आहे, डेव्हिल पंधरावे, टॉवर सोळावे आणि स्टार सतरावे. डेव्हिलमध्ये एक पुरुष आणि एक स्त्री गळ्यात साखळी घालून उभे आहेत, पण साखळी इतकी सैल आहे की डोक्यावरून काढता येईल. समतोलानंतरही माणूस पुन्हा त्याच बंधनात जाऊ शकतो, असा या क्रमाचा अर्थ लावता येतो. म्हणून एकटे टेम्परन्स निघाले तर जाणकार वाचक विचारतो: हा समतोल नात्याबाहेरचा आहे, की नात्यात राहून सगळे सहन करण्याचा? स्टारनंतरही मून हे धूसर, संभ्रमाचे कार्ड येते. या क्रमातही सावरण्याची वाट सरळ नाही.

समजा, नऊ वर्षांच्या नात्यातून पाच महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली एक स्त्री तीन कार्डे काढते. पहिली जागा मागे काय राहिले याची, दुसरी आत्ता काय चालले आहे याची, तिसरी कशाकडे लक्ष द्यावे याची. पहिल्या जागी फाइव्ह ऑफ कप्स येते. त्यात काळा झगा घातलेली व्यक्ती सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहते आहे आणि तिच्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत. दुसऱ्या जागी स्टार आणि तिसऱ्या जागी उलटे टेम्परन्स. तिन्ही चित्रांत पात्रे आहेत, म्हणून वाचनाचा धागा तिथूनच धरावा. आधी जे सांडले त्याचाच शोक होता आणि जे उरले त्याकडे पाठ होती. आता मन मोकळे होते आहे. ती मैत्रिणींशी बोलते, रडू आले तर आवरत नाही. पण उलटे टेम्परन्स सांगते की प्रमाण अजून बसलेले नाही. त्याचा खुलासा तिच्या दिनक्रमात शोधावा लागतो: रात्री दोनपर्यंत जुने मेसेज वाचणे, एक आठवडा कोणालाही न भेटणे आणि पुढच्या आठवड्यात रोज बाहेर असणे. या वाचनातून निघणारी कामे साधी आहेत: मेसेज पाहणे बंद करणे आणि आठवड्यातल्या भेटी आधी ठरवणे. तो परत येईल का, याचे उत्तर या दोन कार्डांत नाही. दोन्ही चित्रांत माणसाची आकृती एकच आहे.

सर्वात मोठी चूक मनासारखे कार्ड निघेपर्यंत काढत राहण्याची. ७८ कार्डांतून तीन काढली, तर त्यांत स्टार किंवा टेम्परन्स असण्याची शक्यता सुमारे ७.६ टक्के, म्हणजे साधारण तेरा वेळांत एकदा. रोज तीन कार्डे काढणाऱ्याला पंधरवड्यात यांतले एखादे दिसण्याची शक्यता न दिसण्यापेक्षा जास्त. ते दिसले म्हणून जखम भरली असे होत नाही आणि दिसले नाही म्हणून ती चिघळली असेही नाही. कार्डांना भविष्य कळते याला पुरावा नाही. चित्रासमोर बसून स्वतःबद्दल खरे बोलता येते, एवढाच त्यांचा उपयोग, आणि त्यासाठी महिन्यातून एकदा काढून, तारीख घालून लिहून ठेवणे पुरते. दोन-तीन महिन्यांची टिपणे शेजारी ठेवली की झोप, भूक आणि भेटीगाठी यांत फरक पडला की नाही, ते कार्डांपेक्षा स्पष्ट कळते.

नात्यात मारहाण किंवा धमक्या असतील, तर कार्डांचा अर्थ लावत थांबू नये; महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. महिने उलटूनही झोप आणि भूक परतली नाही किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.