गाळा खाली करण्याचा निकाल लागला: अपील करायचं की रिव्हिजन?



भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्या आपल्यासारख्या दुकानदारांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "निकाल विरोधात गेला तर वर जाऊ." पण वर जायचे रस्ते दोन आहेत, अपील आणि रिव्हिजन. कुठला रस्ता कधी उघडा असतो हे कायद्याने ठरवून ठेवलंय, आपल्या सोयीने नाही. व्हिडिओत हे पटापट सांगितलं होतं, इथे एक उदाहरण घेऊन नीट बघू.

आधी फरक समजून घ्या. अपिलात वरचं कोर्ट तुमचा खटला पुन्हा तपासतं. साक्षीदार काय बोलला, भाडेपावत्या काय सांगतात, खालच्या न्यायाधीशांनी पुरावा बरोबर वाचला का, हे सगळं तिथे मांडता येतं. अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र कायद्यात तो लिहिलेला असेल तरच मिळतो.

रिव्हिजन म्हणजे पुनरीक्षण अर्ज. इथे प्रश्न "निकाल चुकला का?" एवढा मोकळा नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 115 खाली हायकोर्ट बघतं ते असं: खालच्या कोर्टाने नसलेला अधिकार वापरला का, असलेला वापरायचं टाळलं का, किंवा अधिकार वापरताना बेकायदा किंवा गंभीर अनियमित वागलं का. पुरावा पुन्हा तोलून मागायची ही जागा नाही.

एक उदाहरण

समजा, रत्नागिरीच्या बाजारपेठेत एकाचं भाड्याच्या गाळ्यात स्टेशनरीचं दुकान आहे. मालकाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 खाली दावा लावला, की मुलाच्या धंद्यासाठी गाळा हवाय. 10 मार्चला दिवाणी न्यायाधीशांनी गाळा खाली करण्याची डिक्री दिली.

पहिला रस्ता अपिलाचा. या कायद्याच्या कलम 34 प्रमाणे मुंबईबाहेर अपील जिल्हा न्यायालयात होतं आणि मुदत 30 दिवसांची आहे. निकालाचा दिवस धरत नाहीत, म्हणजे 9 एप्रिल. निकालाची सर्टिफाइड नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. दुकानदाराने 12 मार्चला नकलेचा अर्ज टाकला आणि 19 तारखेला नक्कल तयार झाली, तर ते 8 दिवस धरून 17 एप्रिल. पण नकलेचा अर्जच उशिरा टाकला, तर त्या आधीचे वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत. म्हणून निकाल लागला की पहिल्या एक-दोन दिवसांत नकलेचा अर्ज टाका. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक दिवसाचं पटणारं कारण द्यावं लागतं.

इथे बरेच जण फसतात. अपील दाखल झालं म्हणजे डिक्री थांबली असं होत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर मालक दरखास्त लावू शकतो आणि अपील चालू असतानाच बेलीफ दुकानाच्या दारात उभा राहू शकतो.

स्थगितीही फुकट मिळतेच असं नाही. कोर्ट जुन्या भाड्याऐवजी आजच्या बाजारभावाच्या जवळ जाणारी रक्कम दरमहा भरायला सांगू शकतं. राज्य सरकार विरुद्ध सुपरमॅक्स इंटरनॅशनल या मुंबईच्या प्रकरणात सरकार स्वतः भाडेकरू होतं. भाडं दरमहा साधारण सव्वापाच हजार. सरकार रिव्हिजनमध्ये हायकोर्टात गेलं, तेव्हा स्थगितीसाठी दरमहा 5 लाख 40 हजार रुपये भरण्याची अट लागली. सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये ती अट कायम ठेवली. त्यामुळे वर जाण्याआधी वकिलांच्या फीइतकाच या रकमेचाही हिशोब मांडा. गाळ्याला आज बाजारात काय भाडं मिळेल ते विचारून ठेवा आणि तेवढं दरमहा झेपतंय का ते बघा.

जिल्हा न्यायालयातही हरलो तर?

कलम 34 सांगतं की अपिलातल्या निकालावर पुढचं अपील नाही. म्हणजे एरवीच्या दिवाणी दाव्यात हायकोर्टात जे दुसरं अपील असतं, ते इथे बंद. आता रिव्हिजनचा रस्ता उघडतो, कलम 115 खाली हायकोर्टात, 90 दिवसांत. रत्नागिरी जिल्ह्यासाठी हे काम ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे. त्यामुळे आपल्याला मुंबई गाठायची गरज राहिलेली नाही.

पण तिथे "मुलाला गाळ्याची गरजच नव्हती, साक्षीदार खोटं बोलला" एवढंच सांगून भागत नाही. भाडेकायद्यांतल्या रिव्हिजनबद्दल हिंदुस्तान पेट्रोलियमच्या प्रकरणात 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या 5 न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हेच सांगितलं: दुसरा निष्कर्ष निघू शकला असता एवढ्यावर हायकोर्ट हात घालणार नाही. महत्त्वाचा पुरावा बघितलाच नाही, किंवा कुठलाही पुरावा नसताना निष्कर्ष काढला, असं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या उदाहरणात मालकाच्या मुलाकडे शेजारीच रिकामा गाळा आहे, त्याचा नगर परिषदेचा उतारा कोर्टात दाखल आहे आणि दोन्ही कोर्टांनी त्यावर एक शब्दही लिहिला नाही, तर मुद्द्यात दम आहे. उतारा वाचून, कारण देऊन तो बाजूला ठेवला असेल, तर आशा कमी.

यातून लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की पुराव्याची लढाई पहिल्या कोर्टात आणि अपिलातच संपते. जे कागद द्यायचे ते तिथेच द्या.

दावा चालू असतानाचे हुकूम

मधल्या प्रत्येक हुकमावर रिव्हिजन होत नाही. उधारी वसुलीसारख्या साध्या दिवाणी दाव्यात 1 जुलै 2002 पासून कसोटी अशी आहे: हाच हुकूम तुमच्या बाजूने झाला असता तर दावा तिथेच संपला असता का? संपला असता, तर रिव्हिजन. नाहीतर नाही.

समजा, समोरच्याने मुदतबाह्य दावा लावलाय आणि "दावाच फेटाळा" असा अर्ज तुम्ही दिला. कोर्टाने तुमचा अर्ज नामंजूर केला, तर रिव्हिजन होते, कारण तो मंजूर झाला असता तर दावा संपला असता. मंजूर करून दावा फेटाळला, तर ती डिक्री धरली जाते आणि समोरच्याला अपील मिळतं. अर्ज एकच, रस्ते दोन. कैफियतीत दुरुस्ती नाकारली, तर दोन्ही रस्ते बंद. उरते ती हायकोर्टात अनुच्छेद 227 खालची रिट याचिका. मनाई हुकूम दिला किंवा नाकारला, तर मात्र अपील आहे. भाड्याच्या दाव्यात कलम 34 मध्येच जिल्हा न्यायालयात रिव्हिजनची वेगळी तरतूदही आहे, ती लागू होते का हे वकिलांना जरूर विचारा.

आणि रिव्हिजन फेटाळली म्हणून त्याच निकालावर रिट टाकू, असंही चालत नाही. पुण्याच्या एका घरमालक-भाडेकरू वादात सुप्रीम कोर्टाने 1969 मध्येच हे स्पष्ट केलंय. त्यामुळे रस्ता निवडायची वेळ एकदाच येते.

निकालाच्या दिवशी वकिलांना तीन प्रश्न विचारा: यावर अपील आहे का, शेवटची तारीख कुठली, आणि स्थगितीचा अर्ज कधी देणार? उत्तरं वहीत तारखेसकट लिहून घ्या.