शून्याला शून्याने भागायची वेळ येते तेव्हा

अकरावीच्या वर्गात सीमा हा धडा सुरू झाला की एक रास्त प्रश्न येतो. शून्याने भागायचे नाही असे आजवर शिकवले. मग x चे मूल्य 2 कडे जात असताना अंशातला आणि छेदातला x − 2 खुशाल कापायचा कसा? हा आक्षेप जुना आहे. बिशप बर्कली यांनी १७३४ साली कलनशास्त्रावर टीका केली तीही याच धर्तीची: आधी एखादी राशी शून्य नाही म्हणून तिने भागायचे, आणि लगेच ती शून्य मानायची, हे तर्कात बसत नाही.

उत्तर सीमेच्या व्याख्येतच आहे. सीमा काढताना x ला 2 च्या हवे तेवढे जवळ जाऊ देतो, पण 2 होऊ देत नाही. म्हणजे x − 2 कितीही लहान झाला तरी शून्य नसतो, आणि म्हणूनच तो कापता येतो. कापल्यानंतर उरलेल्या फलात 2 ठेवता येतो, कारण छेद शून्य नसेल तिथे ते फल अखंड असते. तिथली सीमा आणि तिथली किंमत एकच.

हे उदाहरण पाहा:

(x³ − 3x² + 4) / (x³ − 2x² − 4x + 8)

x = 2 ठेवला की वर 8 − 12 + 4 = 0 आणि खाली 8 − 8 − 8 + 8 = 0. अवयव सिद्धांत सांगतो की x − 2 हा दोन्हींचा अवयव आहे. संश्लेषक भागाकार करताना अंशाचे सहगुणक 1, −3, 0, 4 असे मांडावेत. x चे पद दिसत नाही म्हणून मधला शून्य बरेच जण गाळतात. तसे केले तर बाकी 2 उरते. बाकी शून्य आली नाही की मांडणी तपासावी. नीट भागल्यावर वर x² − x − 2 आणि खाली x² − 4 मिळते.

इथे 2 ठेवला तर पुन्हा शून्यावर शून्य! सीमा नाहीच, असे समजून इथेच थांबणे चूक आहे. x − 2 दोन्हीकडे दोनदा आहे, इतकेच. आणखी एकदा कापला की (x + 1)/(x + 2) उरते आणि सीमा 3/4 येते. पडताळा हवा असेल तर x = 2.01 घ्या: उत्तर सुमारे 0.7506. x = 1.99 ला सुमारे 0.7494. मूळ फलाला मात्र x = 2 पाशी किंमत नाही ती नाहीच.

छेदात हा अवयव अंशापेक्षा जास्त वेळा असेल तर कापूनही सुटका नाही. याच अंशाखाली (x − 2)³ घेतला तर (x + 1)/(x − 2) उरते. 2 च्या उजवीकडून जवळ गेल्यास किंमत धन बाजूला वाढतच जाते, डावीकडून गेल्यास ऋण बाजूला. अशा फलाला तिथे सीमा नसते.